सावलीत काळा घालू नये

"ही पोरगी राखेत लोळून आल्यासारखी दिसून राहिली," असं मी भर ऑफिसात म्हटलं, आणि तिथूनच सरांचं आणि माझं फाटलं.

आता मी हे दोघांत बोलू शकले असते. सरांच्या केबिनमध्ये जाऊन, दार लोटून, "सर, जरा बघता का" असं गोड आवाजात म्हणता आलं असतं. पण माझं तोंड तसं नाही. घरी आई म्हणते, तुझ्या जिभेला फाटक नाही. असेल. पण त्या दिवशी खिडकीवर लावलेलं ते चित्र पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती आग केबिनपर्यंत नेईस्तोवर विझली असती. ती विझू द्यायची नव्हती मला.

आमचं ऑफिस जबलपूरला, सदर बाजारात, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी चित्रं काढून देणं हा आमचा धंदा. कोणी रेषा काढतं, कोणी रंग भरतं, आणि पात्रांचे चेहरे, हात, पाय यांचे रंग तपासायचं काम माझ्याकडे. कोणाच्या गालात जीव नाही, कोणाची मान चेहऱ्यापेक्षा वेगळ्याच माणसाची वाटते, कोणती दोन पोरं एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात, हे मी सांगायचं. दर गुरुवारी सगळी चित्रं छापून खिडकीच्या काचेजवळच्या दोरीला चिमट्यांनी लावायची आणि सगळ्यांनी समोर उभं राहून बोलायचं, अशी आमच्याकडे रीत. नियम सरांनीच केलेला: दुरुस्ती सांगायची तर कारण पण सांगायचं. नुसतं "आवडलं नाही" चालत नाही.

सर म्हणजे मालक. त्यांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत असताना इकडे आलं, आणि ते अजून त्याच चाकरीतून उतरले नाहीत असं वाटावं इतका त्यांना त्याचा अभिमान. मराठी बोलतात एकदम तुपाळ. माझ्या तोंडून "काहून" निघालं की भुवई वर जाते. "खमरियाची मराठी," असं एकदा हसत म्हणाले होते. माझे बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, आम्ही विदर्भातून आलेली बौद्ध माणसं, घर अजून खमरियालाच. हसत म्हणाले म्हणून मीही हसले होते तेव्हा. नव्हतं हसायला पाहिजे.

तर ते चित्र. एका प्रकाशनाचं गोष्टीचं पुस्तक होतं. गोष्टीतली मुलगी सायकली दुरुस्त करते. वर्गातल्या पोरांच्या चेन उतरल्या, पंक्चर झाल्या, की सगळे तिच्याकडे. गोष्टीत स्पष्ट लिहिलं होतं की ती चांगली काळीसावळी आहे. भोपाळच्या संपादक बाईंनी वेगळं बजावलं होतं, वर्गातली पोरं वेगवेगळ्या रंगांची दिसली पाहिजेत, नाहीतर एकाच घरची भावंडं वाटतात. मी पात्रांचे रंग ठरवून दिले होते. कव्हर मात्र सरांनी स्वतः रंगवलं. कव्हरवर ती मुलगी, हातात पाना, मागे झेंडूच्या रंगाची भगभगीत भिंत.

आणि तिचा चेहरा? बाप्पा! ओल्या सिमेंटचा.

सरांची पद्धत मला माहीत होती. कॉम्प्युटरवर त्यांनी फार वर्षांपूर्वी एक रंगांचा संच करून ठेवला आहे, आम्ही त्याला "डबा" म्हणतो. त्या डब्यात कातडीचा एकच रंग, गुलाबी-गोरा. सावळं माणूस पाहिजे तर तोच रंग घ्यायचा आणि त्यात काळा मिसळायचा. आणखी सावळं पाहिजे तर आणखी काळा. मग सावली द्यायची तर वरून काळ्याचा पातळ थर, आणि नाकावर, गालावर उजेड दाखवायचा तर पांढऱ्याचा पातळ थर. गोऱ्या पोराला हे कसंबसं खपून जातं. सावळ्या चेहऱ्यावर पांढरा फिरवला की खडू फासल्यासारखा दिसतो, आणि काळा फिरवला की रक्तच निघून जातं. वरून ती भगभगीत केशरी भिंत. एवढ्या तेज रंगाच्या शेजारी कोणताही तपकिरी मळकटच दिसणार.

हे सगळं मी त्या गुरुवारी बोलले. राखेवालं वाक्य आधी, आणि कारणं मागून. क्रम चुकला असेल, पण कारणं खरी होती.

सर शांतपणे ऐकत होते. त्यांचं शांत असणं मला कधीच बरं वाटत नाही. मग म्हणाले, "चूक माझी नाही. रंगाची आहे. गडद कातडी छापायला मरते. मी छापखान्यात उभा राहून शिकलोय हे. तिला दोन शेड उजळ करा, आपोआप खुलेल."

मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं."

कोणीतरी खोकलं. रेषा काढणारी आमची दीदी, हिंदीभाषी, माझ्यापेक्षा मोठी, तिने पेन्सिल तोंडात धरली आणि खाली बघायला लागली. तिला मराठी बोलता येत नाही, पण म्हणी सगळ्या कळतात.

सरांच्या कानशिलांपर्यंत रंग चढला. (आणि बघा, तो काळा नव्हता चढला. लालच होता. पण ते तेव्हा कोणाला सांगता?) ते म्हणाले, "ठीक आहे. संपादक बाई येणार आहेत प्रूफ बघायला. माझं कव्हर छापू, तू पण एक रंगव, तेही छापू. तुझी पोरगी कागदावर करडी आली, तर कव्हरवरची मुलगी उजळ होईल. आणि कातडीचे रंग तपासायचं काम मग तू करायचं नाहीस. तुला बॅकग्राउंडं देऊ. झाडं, भिंती."

"आणि नाही आली तं?"

"आधी छापून येऊ तर दे," असं म्हणून ते आत गेले.

मला झाडंभिंतींची लाज नाही. पण ती मुलगी उजळ होणार, ही एक गोष्ट मला सहन होणारी नव्हती. आमच्या शाळेतल्या एकाही पुस्तकाच्या कव्हरवर मी माझ्यासारखी पोरगी पाहिली नव्हती. आतल्या पानांत असायची कधीकधी, पाणी भरताना, नाहीतर रांगेत शेवटी. इथे एक पोरगी हातात पाना घेऊन पुढे उभी होती, आणि छापखान्याचं निमित्त करून तिला धुऊन काढणार होते. ते मी होऊ देणार नव्हते.

पहिला प्रयत्न माझा साफ फसला, हेही सांगते. रागात माणूस उलट्या टोकाला जातो. राख नको, राख नको, असं करत मी तिच्यात एवढा केशरी ओतला की दुसऱ्या दिवशी दीदी मागून येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ये तो गाजर हो गई।"

"दीदी, तुम भी?"

"मैं क्या, देख ले। गरम मतलब नारंगी नहीं होता।"

मला राग आला, आणि मग कळलं की बरोबर बोलून राहिली. सगळ्या चेहऱ्यावर एकच ऊब फासली तर तोही चेहरा सपाटच. करड्याच्या जागी केशरी सपाट, एवढाच फरक. मी फाईल बंद केली आणि पुरी-भाजी खायला खाली गेले. दीदी पण आली. तिने माझ्या भांडणाबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त माझ्या ताटातली मिरची उचलून खाल्ली.

उत्तर घरी सापडलं, आणि ते शोधायला मी गेले नव्हते. सकाळी आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. मी चहा घेऊन दारात उभी होते, आणि माझी नजर आईच्या हातावर गेली. आई माझ्याहून काळी आहे. चांगली काळी. तो हात मी जन्मापासून पाहून राहिले, त्या हाताचा मारही खाल्ला, पण असा कधी पाहिला नव्हता. जिथे ऊन पडलं होतं तिथे कातडी तांब्याच्या भांड्यासारखी सोनेरी होती, पांढरी कुठेच नव्हती. ऊन जिथे संपतं आणि सावली सुरू होते, त्या काठावर एक गडद लाल पट्टा, जणू आतलं रक्त तिथेच दिसत होतं. सावलीत गेलेला भाग काळा नव्हता. पिकल्या जांभळाच्या आतल्या बाजूसारखा, लालसर, खोल. बोटांच्या पेरांवर थोडं जास्त लाल. तळहात उलटला की एकदम फिका, गुलाबी-पिवळा. आणि कोपराच्या खाली, परातीतल्या कणकेवरून उडालेला उजेड पडला होता, मऊ, पिवळसर. एका हातात एवढे रंग, आणि आम्ही तिथे डब्यातून एकच काढून काळा मिसळत होतो!

"काय पाहून राहिली?" आई म्हणाली.

"तुझा हात."

"काहून, काय झालं हाताला?" तिने पटकन हात पुसला आणि पदराखाली घेतला.

"काही नाही. असूच दे ना, मळ."

ती पुन्हा मळायला लागली, पण हात उन्हातून बाजूला घेऊन. जेवढं पाहायचं तेवढं पाहून झालं होतं.

त्यानंतरचे दिवस ऑफिसात वाईट गेले. मी माझ्या जागी बसून रंगवून राहिले, आणि सर येता-जाता मागे उभे राहायचे. बोलायचे नाहीत. चहा आला की सगळ्यांना विचारायचे, मला नाही. एकदा मी पाणी प्यायला उठले आणि परत येऊन पाहते तर माझ्या चित्रावर वरून काळ्याचा थर टाकलेला. "फक्त बघत होतो, शॅडो कमी वाटली," म्हणाले. मी तो थर त्यांच्यासमोरच पुसला. म्हटलं, "सर, सावली कमी नाही आहे. सावलीत काळा कमी आहे." दात ओठ खाऊन, पण "सर" लावूनच बोलले मी. ते "अच्छा" म्हणाले आणि निघून गेले. त्या "अच्छा"ला मी आजही विसरले नाही.

पण पोरगी रंगत गेली. खालचा मूळ रंग मी डब्यातून घेतलाच नाही, कोरा मिसळला, लालसर तपकिरी, गडद. सावलीला गडद मरून. उजेड आणि सावलीच्या काठावर लाल. नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर, गुडघ्यावर थोडी ऊब, तेवढ्यापुरतीच, म्हणजे गाजर होणार नाही. कपाळावरचा उजेड मधासारखा, आणि केसांच्या बाजूला गालावर आभाळाचा जरासा निळा, अगदी जरासा, कारण सगळंच गरम ठेवलं तर गरम कशाच्या शेजारी दिसणार? मग अख्खं चित्र कृष्णधवल करून पाहिलं. केस आणि कपाळ एकमेकांत मिसळले तर चेहरा सपाट, असा आमच्यात हिशेब. नव्हते मिसळले. शेवटी ती झेंडूची भिंत काढली आणि फिक्या हिरव्या-निळ्या रंगाची केली. भिंत बदलल्याबरोबर पोरीच्या गालात जीव आला. मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्याने "हां!" म्हटलं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

वर्गातली बाकीची पोरंही मी सोडली नाहीत. एक पिवळट गव्हाळ, एक तांबूस, एक जरा हिरवट झाक असलेला, दोन गोरी, पण दोघी वेगळ्या गोऱ्या. एकाच रंगाला खालीवर ओढलं की वेगळी माणसं होत नाहीत. तेच माणूस कमी-जास्त उजेडात उभं केल्यासारखं होतं. प्रत्येकाची आतली झाक वेगळी पाहिजे.

छपाईसाठी पडद्यावरचे रंग शाईच्या रंगांत बदलताना मात्र मला धास्ती होती. पडद्यावर सगळंच चमकतं. कागदावर शाईच काय ते सांगते. मी चेहऱ्यात काळी शाई होता होईल तेवढी कमी ठेवली, निळीही आवरली, लाल आणि पिवळीवर गडदपणा पेलला. सरांनी तसं काही केलं नाही. त्यांना खात्री होती.

संपादक बाई आल्या त्या दिवशी सर अगदी लग्नघरच्यासारखे आवरून आले होते. बाई सुती साडीतल्या, हिंदी बोलणाऱ्या, कामापुरतं बोलणाऱ्या. सरांनी दोन्ही प्रूफं टेबलावर ट्यूबलाइटखाली ठेवली. मी म्हटलं, "इथे नाही. बाहेर उजेडात."

"इथे काय वाईट आहे?" सर म्हणाले.

"ट्यूबलाइटमध्ये चांगला माणूस पण कावीळ झाल्यासारखा दिसते, सर. पुस्तक पोरं दिवसा वाचतात."

बाई स्वतःच दोन्ही कागद उचलून गॅलरीत गेल्या. आम्ही सगळे मागे. खाली बेकरीतून पावाचा वास येत होता, ऑटोवाले भांडत होते. बाईंनी दोन्ही कव्हरं कठड्यावर शेजारी शेजारी धरली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? सरांच्या कव्हरवरची पोरगी पडद्यावर होती त्याहून वाईट आली होती. गालावर पांढरट साय, हनुवटीखाली कोळसा, आणि मागे ती भिंत किंचाळत होती. माझी पोरगी तिच्याहून काळी होती. आणि जिवंत होती. नुकतीच पंपाने हवा भरून सरळ उभी राहिली असावी, अशी गरम.

बाईंनी दोन्ही कागद उन्हात तिरपे करून पाहिले. मग माझ्या कव्हरवर बोट ठेवून म्हणाल्या, "यह वाली।"

मी सरांकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा पडलेला चेहरा पाहायचा होता. पण तो पडला नव्हता. ते पुढे झाले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "हो, छपाई उत्तम आली आहे. मान्य. शॅडोज़ फार छान. आता याच पद्धतीने हिला दोन शेड उजळ घेऊ."

मला एक क्षण कळलंच नाही ते काय म्हणाले.

"काहून?" मी म्हटलं. "आता तं करडी नाही आली."

"नाही आली."

"मग कारण सांगा. कारणाशिवाय दुरुस्ती नाही, तुमचाच नियम आहे."

दीदीसुद्धा आता पेन्सिल तोंडात न धरता सरळ सरांकडे बघत होती. सर हसले. "अगं, समजून घे. ही आतल्या पानाची गोष्ट नाही. कव्हर आहे. दुकानात आई-बाप पुस्तक हातात घेणार. बघायला प्रसन्न नको?"

म्हणजे छापखाना नव्हताच मध्ये. शाई नव्हती, थर नव्हते, अनुभव नव्हता. मी इतके दिवस सावल्या गरम करत बसले, आणि यांना सावलीशी काही घेणंदेणं नव्हतं. मी तिथेच, सगळ्यांसमोर ओरडले.

"सर, मी याच रंगाची आहे. रोज तुमच्या समोर बसते. मी काय अप्रसन्न दिसते काय तुम्हाला?"

"तू कव्हरवर नाही बसत," सर म्हणाले.

सहज म्हणाले. रागाने पण नाही. मला वाटतं रागाने म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं.

मी पुढे होऊन कठड्यावरच्या माझ्या कव्हरवर हात ठेवला. दीदी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ.

बाईंनी सरांचं कव्हर गुंडाळून त्यांच्याच हातात दिलं. त्यांना मराठी किती कळलं कोण जाणे, पण पुरेसं कळलं असावं. म्हणाल्या, "कहानी में लिखा है लड़की काली-साँवली है। लेखक ने लिखा है, हमने छापने को लिया है। कवर यही जाएगा, ऐसा ही। एक शेड इधर-उधर हुआ तो मैं प्रूफ पास नहीं करूँगी।" मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं शाबासकी देतील. म्हणाल्या, "और आप, आवाज़ नीचे रखिए। क्लाइंट के सामने ऐसे नहीं लड़ते।"

जी म्हटलं. कव्हर माझंच राहिलं होतं, आणखी काय पाहिजे?

सरांनी पैज पाळली, एवढं त्यांचं कबूल करते. कातडीचे रंग तपासायचं काम माझ्याकडेच राहिलं. पण त्यानंतर गुरुवारी खिडकीसमोर ते माझ्या शेजारी उभे राहत नाहीत. माझ्याशी बोलायचं असलं की दीदीला सांगतात, आणि मी दोन हात अंतरावरच उभी असते. "उनको बोलो गर्दन का रंग मिला लें।" दीदी माझ्याकडे वळून तेच पुन्हा बोलते, डोळे मोठे करून. आम्हाला हसू येतं. सरांना येत नाही. डबा मात्र अजून तोच आहे. नवीन पोरं रुजू झाली की आधी तोच उघडतात, आणि मी त्यांच्या मागे उभी राहून भांडते. भांडणं संपली नाहीत आमची, संपणारही नाहीत.

पुस्तक छापून आलं तेव्हा ऑफिसात मला एक प्रत मिळाली. मी ती बॅगेत सरळही ठेवली नाही, हातातच धरून ऑटोत बसले. शेजारच्या बाईला कव्हर दिसावं असं धरून. तिने पाहिलं नाही, ती फोनवर होती. काही बिघडलं नाही. मला घरी दाखवायचं होतं.

आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती, दुपार उतरत होती. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. "पाह्य, हे माझं. मी रंगवलं. याच्यासाठी भांडण झालं होतं ऑफिसात, सांगितलं होतं ना?"

आईने तांदळाचे हात झटकले, पुस्तक लांब धरलं, मग जवळ आणलं. बोट पोरीच्या गालावर ठेवलं. मी वाट पाहत उभी राहिले, अगदी शाळेतून मार्कं घेऊन आल्यासारखी.

"चांगलं आहे," आई म्हणाली. "पण काहून एवढी काळी केली? थोडी उजळ करायची होती."

इतके दिवस मालकाशी, छापखान्याशी, ट्यूबलाइटशी भांडले मी. आता मात्र मला वाटलं कोणी पायाखालची फरशीच काढून नेली. मी तिच्यासमोर खाली बसले. आवाज चढू नये म्हणून हळूच बोलले, आणि तरी चढलाच.

"आई, तो रंग तुझा आहे. तुझ्या हातावरून घेतला मी. त्या दिवशी कणीक मळत होती ना, खिडकीत, तोच. तुझाच रंग आहे तो."

आईने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वाईट वाटलं नव्हतं, रागही आला नव्हता. पोरीला एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं ती म्हणाली,

"हो ना बेटा. त्याच्यासाठीच तं सांगून राहिली."